चिन्ह टिकण्याचा नियम: बोल्झानोची पुस्तिका ते वायरस्ट्रासचा डेल्टा

एखाद्या बिंदूपाशी फलनाची सीमा धन असेल, तर त्या बिंदूच्या पुरेशा जवळ फलनाच्या किमतीही धनच असतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला हे वाक्य फळ्यावर लिहिलं जातं, दोन ओळींत सिद्ध होतं आणि पान उलटतं. वर्गात बऱ्याच जणांना वाटतं, यात सिद्ध करण्यासारखं काय आहे? अठराव्या शतकातल्या गणितज्ञांनाही तसंच वाटत होतं. म्हणूनच हा नियम कुणी वेगळा मांडला नव्हता. गरज पडेल तिथे तो गृहीत धरून ते पुढे जात.

तो सिद्धतेत उघडपणे पहिल्यांदा कामाला लावला बर्नार्ड बोल्झानोने. बोल्झानो प्रागचा, पेशाने धर्मगुरू आणि विद्यापीठात धर्मशिक्षणाचा प्राध्यापक. 1817 मध्ये त्याने एक लहानशी पुस्तिका छापली. विषय एकच होता: संतत फलन, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी ज्याची सीमा आणि किंमत एकच असते असं फलन, एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल, तर मध्ये कुठेतरी ते शून्य होतं, हे फक्त संख्यांच्या आधारे सिद्ध करायचं. तोपर्यंत लोक म्हणत, की रेषा अक्षाच्या खालून वर गेली म्हणजे ती अक्षाला छेदणारच. बोल्झानोचा आक्षेप असा, की हे चित्र बघून म्हटलेलं आहे, आणि बीजगणितातल्या विधानाची सिद्धता भूमितीतल्या चित्रावर टेकवणं योग्य नाही.

त्याची युक्ती एका उदाहरणावर बघू. उदाहरण माझं आहे. `f(x) = x³ − 5x + 3` घ्या. `f(1) = −1` आणि `f(2) = 1`. आता 1 पासून उजवीकडे चालायला लागा. जिथपर्यंत फलन सलग ऋण राहतं, त्या टप्प्याची कड म्हणजे `U`. बोल्झानो विचारतो, `f(U)` किती असेल? ते ऋण असेल, तर फलन संतत असल्यामुळे `U` च्या थोडं पुढेही ऋणच राहील. मग ऋणपणाची कड `U` च्या पलीकडे सरकली, म्हणजे `U` ही कड नव्हतीच. `f(U)` धन असेल, तर `U` च्या थोडं अलीकडेच ते धन झालेलं असेल. मग कड `U` च्या आधीच संपायला हवी होती. दोन्ही शक्यता गेल्या, म्हणून `f(U) = 0`. आपल्या उदाहरणात `U` साधारण 1.834 येतो.

या युक्तिवादात चिन्हाचा नियम दोनदा वापरला आहे, एकदा पुढच्या बाजूला आणि एकदा मागच्या. तो काढून घेतला तर सिद्धता जागीच थांबते. आणि ‘थोडं’ म्हणजे किती, हे सांगता येतं. 2 पाशी बघा. `x = 2 + h` ठेवलं की

`f(2 + h) = 1 + 7h + 6h² + h³`

`|h|` 1 पेक्षा कमी असेल तर 1 नंतरचा भाग, चिन्ह कोणतंही असो, `14|h|` पेक्षा मोठा होत नाही. म्हणून `|h| < 1/28` असताना तो अर्ध्यापेक्षा कमीच राहतो आणि फलन 1/2 च्या वर राहतं. नेहमीच्या सिद्धतेतही हेच करतात: सीमा `L` धन असेल तर चूक `L/2` पेक्षा कमी ठेवायची, म्हणजे फलन `L/2` च्या खाली जात नाही. सीमा शून्य असेल तर अर्धं करायला काही उरतच नाही आणि नियमही काही सांगत नाही. `x²`, `−x²` आणि `x` या तिघांची 0 पाशी सीमा शून्यच आहे, पण चिन्हांचं वागणं तीन तऱ्हांचं. उलट दिशेनेही हाच धोका असतो. फलन सगळीकडे धन असलं तरी सीमा शून्य असू शकते, आणि परीक्षेत ‘धन फलनाची सीमा धन’ असं लिहून गुण घालवणारे दरवर्षी भेटतात.

बोल्झानोच्या सिद्धतेतली एक जागा मात्र तेव्हा भरता आली नाही. ती चिन्हाच्या नियमात नव्हती, `U` च्या अस्तित्वात होती. फक्त परिमेय संख्यांमध्ये राहून `x² − 2` बघा. चिन्हाचा नियम तिथेही तंतोतंत चालतो, फलन 1 ला ऋण आणि 2 ला धन आहे, तरी ते कुठेही शून्य होत नाही. कारण ज्या कडेवर शून्य व्हायचं ती कडच परिमेय संख्यांमध्ये नाही. अशी कड असते, हे बोल्झानोने सिद्ध करायचा प्रयत्न केला होता. पण त्याला लागणारी वास्तव संख्यांची नेमकी व्याख्या डेडेकिंट आणि कँटर यांनी 1872 मध्ये दिली. तोवर बोल्झानो हयात नव्हता. 1819 मध्ये त्याला मतांमुळे प्राध्यापकपदावरून काढलं होतं, आणि त्याच्या पुस्तिकेकडे कित्येक दशकं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वात जास्त मनाला लागतं.

त्यामुळे नियमाचा प्रसार पॅरिसमधून झाला. 1823 च्या व्याख्यानांत ऑगुस्तँ लुई कोशीने तो विकलजाला, म्हणजे डेरिव्हेटिव्हला, लावला. `f′(a)` ही `(f(x) − f(a))/(x − a)` या भागाकाराची सीमा. ती धन असेल तर `a` जवळ भागाकारही धन, म्हणून `a` च्या उजवीकडे फलन `f(a)` पेक्षा मोठं आणि डावीकडे लहान.

इथे एक पाऊल चुकीचं पडतं आणि ते आजही पडतं: ‘एका बिंदूपाशी विकलज धन, म्हणून त्याच्या आसपास फलन वाढतं.’ चिन्ह टिकतं ते भागाकाराचं, विकलजाचं नव्हे. `g(x) = x + 2x² sin(1/x)` आणि `g(0) = 0` घ्या. 0 पाशी भागाकार येतो `1 + 2x sin(1/x)`. त्याची सीमा 1 आहे, आणि `|x| < 1/4` असताना तो 1/2 च्या वरच राहतो. नियम चोख पाळला गेला. आता 0 सोडून इतरत्र विकलज काढा:

`g′(x) = 1 + 4x sin(1/x) − 2 cos(1/x)`

`x = 1/(2πn)` या बिंदूंवर, `n` = 1, 2, 3… घेतल्यावर, ते बरोबर −1 येतं. हे बिंदू 0 च्या हवे तितके जवळ जातात. म्हणजे 0 भोवती कितीही लहान अंतर घेतलं तरी त्यात फलन कुठेतरी उतरतच असतं. `g′` 0 पाशी संतत असतं, तर नियम थेट `g′` ला लावता आला असता.

‘पुरेसं जवळ’ याला आजचं रूप मिळालं ते कार्ल वायरस्ट्रासच्या बर्लिनमधल्या वर्गात. 1861 च्या त्याच्या व्याख्यानांच्या, विद्यार्थी श्वार्ट्झने काढलेल्या टिपणांत आधी एप्सिलॉन, म्हणजे किती चूक चालेल ते, दिलेला आहे आणि त्यावरून डेल्टा, म्हणजे बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर, शोधायचा आहे. कोशीही 1823 मध्ये हीच अक्षरं वापरतो, पण एका सिद्धतेत तो मध्यांतरातल्या सगळ्या बिंदूंसाठी एकच डेल्टा धरून चालतो. चिन्हाच्या नियमात तसं चालत नाही. `f(x) = x` हे 0 आणि 1 यांच्या मध्ये सगळीकडे धन आहे, 0.5 पाशी 0.5 इतकं अंतर डावीकडे सुरक्षित आहे, 0.01 पाशी फक्त 0.01. बिंदू 0 कडे सरकतो तसं अंतर आटत जातं आणि सगळ्यांना पुरेल असा एक डेल्टा सापडत नाही.