‘कुठल्यातरी रंगाच्या दोन’ आणि ‘हिरव्याच दोन’

दिवे गेलेत. डब्यात १२ हिरव्या, ९ लाल आणि ७ पिवळ्या बांगड्या आहेत. आकार एकच, त्यामुळे हाताला रंग कळत नाही. एकाच रंगाच्या दोन बांगड्या नक्की मिळायला किती काढाव्या लागतील? चार. आणि हिरव्याच दोन हव्या असतील तर? इथे बरेच जण पुन्हा चारच्या आसपासचं काहीतरी सांगतात. खरं उत्तर १८.

पहिल्या उत्तरामागे कबुतरखान्याचं तत्त्व आहे. जर्मन गणिती डिरिक्ले यांनी १८३४ मध्ये ते वापरलं, आणि जर्मनमधल्या त्याच्या नावात कबुतरं नाहीतच, टेबलाचे खण आहेत. मला खणच जास्त पटतात. प्रत्येक रंगाचा एक खण धरा आणि काढलेली बांगडी आपापल्या खणात टाका. एकाही खणात दोन बांगड्या नसतील, तर तीन खणांत मिळून फार तर तीनच मावतील. हातात तर चार आहेत. म्हणजे कुठल्यातरी खणात दोन असणारच. या सिद्धतेत १२, ९, ७ हे आकडे कुठेच आले नाहीत. डब्यात आणखी १०० लाल बांगड्या ओतल्या, तरी उत्तर चारच.

हिरव्यांचा हिशोब मात्र त्याच आकड्यांवर चालतो. नशीब अगदीच फिरलं, तर आधी सगळ्या ९ लाल आणि ७ पिवळ्या हाती येतील. त्या १६ संपल्यावर पुढच्या दोन हिरव्याच. त्या १०० लाल ओतल्या, तर इथलं उत्तर ११८ होतं.

गोंधळ होतो तो ‘कुठल्यातरी’ या शब्दापाशी. दोन बांगड्या एका खणात आहेत एवढंच तत्त्व सांगतं. तो खण कोणता, यावर ते गप्प असतं.

बांगड्यांत निदान इतर रंग कधीतरी संपतात. माणसांत तेही नाही. आठ जण जमले, तर वार सातच असल्यामुळे त्यांतल्या कुणातरी दोघांचा जन्म एकाच वारी झालेला असणार. पण जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, ‘म्हणजे माझ्या वारी जन्मलेला कुणीतरी इथे आहेच’, तर तो चुकला. तो एकटा बुधवारचा आणि बाकीचे सातही सोमवारचे असू शकतात. आठाऐवजी आठशे जण बोलावले, तरी बाकीचे ७९९ सोमवारचे निघायला कोण अडवणार? तसं घडणं जवळजवळ अशक्य आहे, हे खरं. पण सिद्धतेला ‘जवळजवळ’ चालत नाही.

म्हणून अशी सिद्धता तपासताना मी आधी शेवटचं वाक्य बघतो. त्यात एखाद्या खणाचं नाव आलं असेल, तर ते नुसतं खण मोजून आलेलं नाही; मग प्रत्येक खणात जास्तीत जास्त किती मावतं, हे वर कुठे मांडलंय का ते शोधायचं.