दहा नंबर आणि दोन लाइनींमधली जागा

दहा नंबर म्हणजे फुटबॉलमध्ये आपल्या स्ट्रायकरच्या मागे आणि आपल्याच मिडफिल्डच्या पुढे खेळणारा प्लेयर. पाठीवर दहाच असायला पाहिजे असं काही नाही, काम ते असलं की झालं. अर्जेंटिनात या पोझिशनला एन्गांचे म्हणतात, म्हणजे शब्दशः आकडा, हूक, मिडफिल्ड आणि अटॅक एकमेकांना अडकवणारा. मराठीत आकडा म्हणजे नंबरही आणि वायरवर टाकायचाही, त्यामुळे आपल्याला हे नाव जरा जास्तच पटतं, कारण हा माणूस खरोखर दुसऱ्याच्या लाइनवर आकडा टाकूनच जगतो.

ती लाइन कुठली? समोरच्या टीमचे चार-पाच डिफेंडर एका ओळीत आणि त्यांच्या पुढे मिडफिल्डरांची दुसरी ओळ, या दोन ओळींमधली जी आडवी पट्टी ती याची जागा. मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, पण नीट डिफेंड करणारी टीम आपला शेवटचा डिफेंडर आणि पुढचा स्ट्रायकर यांच्यात २५-३० मीटरच ठेवायला बघते, मग डिफेन्स आणि मिडफिल्डच्या मध्ये दहा-बारा मीटर उरले तरी खूप झाले. म्हणजे ही जागा काही रिकामा प्लॉट नाही की जाऊन उभं राहिलं. जो तिथे आधीच जाऊन उभा राहतो त्याला बॉल मिळतच नाही, कारण मिडफिल्डर त्याला बघून दोन पावलं सरकतो आणि पासचा रस्ता स्वतःच्या अंगाने झाकतो.

म्हणून चांगला दहा नंबर आधी मिडफिल्डरच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असा रेंगाळत असतो. मिडफिल्डरची नजर बॉलवर असते, असावीच लागते, आणि बॉल व मागचा माणूस एकाच वेळी बघायला डोक्याला मागे डोळे नाहीत. आपल्या टीममेटने बॉल कंट्रोल करून मान वर केली की त्याच क्षणी हा दोन मिडफिल्डरांच्या मधल्या फटीत दोन-तीन पावलं टाकतो. पळत नाही, पळाला तर सगळ्यांना कळतं. मेस्सी मॅचमध्ये इतका का चालतो असं लोक वैतागून विचारतात, त्यातला बराच वेळ तो हेच बघत असतो की कोण कोणाकडे बघतंय. बॉल यायच्या आधी एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघून घेतो आणि बॉल आडवा उभा राहून घेतो, म्हणजे छाती पूर्ण आपल्या गोलकडे नाही, अर्धी पुढच्या गोलकडे वळलेली, आणि लांबच्या पायावर बॉल घेतला की पहिल्या टचमध्येच तोंड गोलकडे. सगळा खेळ या वळण्याचा आहे. पाठ गोलकडे ठेवून बॉल घेतला तर तो परत मागेच देणार, त्याने कोणाचं काही बिघडत नाही, पण वळला की समोर फक्त बॅकलाइन उरते आणि ती मागे धावत असते.

आता त्याला अडवायचा कोणी? इथेच खरी गोम आहे. क्रिकेटमध्ये उंच उडालेला कॅच दोन फिल्डरांच्या बरोबर मध्ये येतो आणि दोघं "तुझा तुझा" म्हणत थांबतात, दहा नंबर त्या "तुझा तुझा"मध्येच राहतो. सेंटर-बॅक, म्हणजे मधला डिफेंडर, पुढे आला तर त्याच्या मागे भोक पडतं आणि स्ट्रायकर त्यात पळतो. मिडफिल्डर मागे आला तर पुढे बॉलवाल्यावर प्रेशर टाकायला माणूस कमी. आणि दोघंही जागेवर राहिले तर तो आरामात वळतो. यातला कुठला तोटा सोसायचा ते कोचने आधी ठरवायचं असतं, आणि तो निर्णय दोनदा दोन तऱ्हेने कसा गेला हे बघायला एकच कोच आणि एकच दहा नंबर सापडतात: लुई व्हान खाल आणि मेस्सी, २०१४ आणि २०२२.

९ जुलै २०१४, साओ पाउलो, वर्ल्डकप सेमीफायनल. व्हान खालने नेदरलँड्सकडून पाच डिफेंडर लावले आणि मेस्सीला नायजेल डी याँगच्या ताब्यात दिला. डी याँग कायम त्याच्या पाठीमागेच, पण मजा नुसत्या पाठलागात नव्हती. मागे पाच जण असले की मधल्या तिघांपैकी एक सेंटर-बॅक बिनधास्त पुढे येऊ शकतो, मागे तरी चार उरतातच, म्हणजे चारच्या लाइनमध्ये जे भोक पडतं ते इथे पडत नाही. त्यामुळे मेस्सी डी याँगच्या पाठीमागून निसटला तरी पुढे कोणीतरी अंगावर येणार, आणि बॉल पायात यायच्या आधीच येणार. वळूच द्यायचं नाही, एवढाच करार. डी याँग दुखापतीतून नुकता उठला होता, ६२व्या मिनिटाला बाहेर गेला, त्याच्या जागी योर्डी क्लासी आला आणि तेच काम पुढे चालू. १२० मिनिटं ०-०. अर्जेंटिना पेनल्टींवर ४-२ जिंकली, पण मेस्सीला बांधायचं काम झालं होतं.

याची किंमत मात्र त्याच स्कोअरमध्ये आहे. एक मिडफिल्डर कायम दुसऱ्याच्या सावलीत फिरत असेल तर स्वतःचा बॉल पुढे न्यायला एक माणूस कमी पडतो आणि डचांनाही त्या दिवशी फारसं काही जमलं नाही. त्यांचा सगळ्यात मोठा चान्स ९०व्या मिनिटानंतर रॉबेनचा, तोही अर्जेंटिनाच्या मास्केरानोने शेवटच्या क्षणी पाय घालून अडवला. (ती मॅच बघताना आपल्याकडे पहाटेपर्यंत जागून अर्धे लोक झोपले होते, त्यांना दोष देता येत नाही.)

आठ वर्षांनी, ९ डिसेंबर २०२२, लुसैल, क्वार्टरफायनल, परत तेच दोघं. व्हान खालने परत तीन सेंटर-बॅक लावले: टिंबर, व्हान डाइक, आके, बाजूला डम्फ्रीस आणि ब्लिंड, मध्ये फ्रेंकी डी याँग आणि डी रून. पण या वेळी डी याँग आडनावाचा माणूस मेस्सीच्या मागे फिरायला नव्हता, तो बॉल खेळवायला होता. मेस्सीला जो जवळ असेल त्याने घ्यायचा, एकाने दुसऱ्याकडे सोपवायचा. आणि अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीनेही तिकडे तीन सेंटर-बॅक लावून मोलिना आणि आकुन्याला दोन्ही बाजूंनी बरंच वर, समोरच्या गोलकडे ठेवलं, सगळ्यात पुढे हुलियान आल्वारेस. हे तिघं बॉलला हात... म्हणजे पाय न लावताही काम करत होते, कारण ब्लिंड आणि डम्फ्रीस बाजूला खेचलेले, व्हान डाइक आल्वारेसजवळ अडकलेला, आणि मधल्या पट्टीत मेस्सीला श्वास घ्यायला जागा.

३५वं मिनिट. मेस्सी उजव्या बाजूला बॉल घेतो आणि तोंड गोलकडे ठेवून आत तिरका निघतो. मिडफिल्डर मागे राहिले, म्हणून आकेला बॅकलाइन सोडून त्याच्याबरोबर यावं लागतं. २०१४ मध्ये सेंटर-बॅक जे करायचे तेच आके करतोय असं वाटतं, फरक इतकाच की तेव्हा ते मेस्सी वळायच्या आधी पोचत होते आणि आके पोचला तेव्हा मेस्सी आधीच धावत होता. आके त्याच्या अंगाला लागून पळतो, पण आता तो मेस्सीच्या स्पीडवर चालतोय. तेवढ्यात मोलिना आकेने सोडलेल्या रस्त्यातून, ब्लिंडच्या आतून, पळ काढतो. मेस्सी त्याच्याकडे बघतही नाही, नजर दुसरीकडे, आणि डाव्या पायाने बॉल आकेला ओलांडून उलट्या दिशेने आत. मोलिनाचा एक टच, व्हान डाइक अंगावर, आणि त्याने टोकाने बॉल गोलकीपर नोप्पर्टच्या बाजूने ढकलला. १-०. लोक पासचंच कौतुक करतात आणि करायलाच पाहिजे, पण डचांचं बिघडलं ते पासच्या तीन-चार सेकंद आधी, मेस्सी वळला आणि कोणीच त्याच्या अंगावर नव्हतं तेव्हा. हाफटाइमला डी रून बाहेर, कोपमाइनर्स आत.

टीव्हीवर हे ओळखायचं असेल तर बॉल सोडून बॉलच्या पुढचे मिडफिल्डर बघायचे. ते अधूनमधून मान वळवून मागे बघत असतील आणि डिफेंडर हात करून "डावीकडे, डावीकडे" ओरडत असतील तर दहा नंबरला त्रास होणार. मिडफिल्डर बॉलकडे ओढले गेले आणि मागची लाइन घाबरून मागे सरकत राहिली की दहा-बारा मीटरची पट्टी बघता बघता वीस मीटरची होते, आणि हे बहुतेक वेळा अर्धवट प्रेसिंगमुळे होतं: पुढचे तिघं धावले, मागचे आले नाहीत. अशा वेळी सेंटर-बॅक बिचारा उशिरा बाहेर येतो आणि कॅमेऱ्यात चूक त्याचीच दिसते. बाहेर यायचंच तर पास निघतानाच निघायचं, बॉल वाटेत असताना पोचायचं. पोचता येत नसेल तर थांबून, मागे सरकत, त्याला बाजूला ढकलायचं. अर्ध्या वाटेत उभं राहणं सगळ्यात वाईट.

अंगाला चिकटूनही कायमची सोय होत नाही. १९८६ च्या फायनलला वेस्ट जर्मनीने मॅराडोनावर मॅथॉयसला लावला होता. मॅराडोनाने गोल केला नाही. पण ०-२ वरून २-२ झाल्यावर जर्मनांना जिंकायची घाई झाली, लाइन पुढे आली, आणि मॅराडोनाने सेंटर सर्कलजवळ, आजूबाजूला जर्मन असताना, एकाच टचमध्ये टीममेट बुरुचागाला पुढे सोडला. ३-२. त्या वेळी जागा लाइनींच्या मध्ये नव्हतीच, सगळी लाइनच्या मागे होती, आणि दहा नंबरला ते एका नजरेत दिसलं.

२०२२ ची मॅचही शेवटी अशीच जागा बदलून गेली. मेस्सीने ७३व्या मिनिटाला पेनल्टीवर २-० केल्यावर डचांनी मिडफिल्ड खेळवायचंच सोडलं, वेगहोर्स्टसारखे उंच लोक पुढे टाकले, बॉल उंच फेकायला लागले. वेगहोर्स्टने ८३व्या मिनिटाला एक आणि इंज्युरी टाइमच्या अकराव्या मिनिटाला दुसरा गोल मारला, मॅच परत पेनल्टींवर, अर्जेंटिना ४-३. त्या वीस-पंचवीस मिनिटांत दहा नंबर दहाच मीटरवर असला तरी उपयोग नव्हता, बॉल त्याच्या डोक्यावरून जात होता.

आणि बॉल आपल्याकडे नसतो तेव्हा दहा नंबरचं काय करायचं हा प्रश्न त्याच्याच कोचला असतो. जो कमी धावतो त्याची धाव दुसऱ्या कोणीतरी धावायची. अर्जेंटिनात ते काम डी पाउल, एन्झो फर्नांडेझ आणि मॅक ॲलिस्टर करत होते, त्यातही डी पाउल जास्त, कारण मेस्सी उजवीकडे ज्या बाजूला चालत असायचा तिथली रिकामी जागा त्याच्याच वाट्याला यायची.