देवघरातल्या बावीस टाइल्स

सांगलीच्या गावभागातला एक जुना वाडा गेल्या उन्हाळ्यात पाडला. देवघराच्या जमिनीतल्या गुलाबी फुलांच्या बावीस टाइल्स गवंड्याने छिन्नीने अलगद सोडवून ठेवल्या होत्या. लगेच जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. म्हणाला, "हाताने रंगवलेल्या आहेत, दीडशे वर्षांच्या तरी असतील. या भेगाच बघा ना." घरातल्या काकूंनी विकण्याआधी मला बोलावलं. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन गेलो.

पहिलं काम भिंगाशिवाय होतं. दोन टाइल्स शेजारी ठेवल्या आणि चित्राऐवजी चुका शोधल्या. डावीकडच्या फुलाच्या तिसऱ्या पाकळीची रेघ मध्येच तुटली होती. शेजारच्या टाइलवरही ती बरोब्बर तिथेच तुटली होती. माणसाचा हात एकच चूक दोनदा अशी तंतोतंत करत नाही. ती चूक मुळात तांब्याच्या पत्र्यावर होती. अशा छपाईत कोरलेल्या पत्र्यात तेलकट रंग भरून तो पातळ कागदावर उतरवतात, कागद भाजलेल्या पण लेप न दिलेल्या टाइलवर घासून चिकटवतात आणि मग पाण्याने धुऊन काढतात. त्यावर काचेचा लेप देऊन टाइल पुन्हा भाजतात. कागदाला चुणी पडली तर चित्रही तिथे तुटतं. एका टाइलवर पानाच्या देठातून अशी बारीक पांढरी रेघ तिरपी गेलेली सापडली.

भिंगाखाली बाह्यरेषा एकसारख्या जाडीच्या होत्या आणि सावली म्हणून आडव्या-उभ्या बारीक रेघा कोरलेल्या होत्या. ब्रशची रेघ अशी नसते. ती सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती होते, जिथे ब्रश थांबतो तिथे रंग साचून गडद होतो. आणि गंमत म्हणजे गुलाबी रंगात हे सगळं दिसत होतं! एका टाइलवर तो पाकळीच्या डावीकडे रेषेबाहेर गेला होता, दुसरीवर उजवीकडे. म्हणजे रेघ छापलेली आणि रंग हाताने भरलेला. व्यापारी अर्धा खरा होता. (रंगात एकसारख्या ओळींत ठिपके दिसले असते, तर ती बरीच अलीकडची छपाई ठरली असती.)

आता भेगा. केसासारख्या चिरांचं जाळं म्हणजे म्हातारपण, ही समजूत फार पक्की आहे, पण ती चूक आहे. टाइलचं अंग सच्छिद्र असतं. ते हवेतला ओलावा वर्षानुवर्षं शोषून किंचित फुगतं. वरची काच फुगत नाही, ती ताणली जाते आणि तडकते. लेप आणि अंग यांचं जमलेलं नसेल तर टाइल भट्टीतून निघून थंड होतानाच तडकते. कारखान्यात तर नव्या टाइल्स दाबाच्या वाफेत काही तास ठेवून त्या तडकतात का, ते मुद्दाम तपासतात. चिरांमधला काळेपणाही फक्त मळ आत शिरल्याचं सांगतो, किती वर्षांत शिरला ते नाही.

झीज मात्र उपयोगी पडली. उंबरठ्याजवळच्या टाइलवर मधोमध चकाकी गेली होती. तिथे पाण्याचा थेंब टाकला तर मुरला, कोपऱ्यावरचा तसाच राहिला. अशा टाइल्स खरं तर भिंतीसाठीच्या; पण देवघरात अनवाणी वावर, म्हणून त्या जमिनीवर टिकल्या. इतकी झीज एका ठिकाणी खूप पायांनीच होते, त्यामुळे त्या नव्या नाहीत एवढं कळलं. वर्ष कळलं नाही.

वर्ष पाठीमागे होतं. टाइल रात्रभर पाण्यात ठेवून चुना लाकडी काडीने काढला (ॲसिड अजिबात नको, जुन्या शिशाच्या लेपाची चकाकी ते खाऊन टाकतं). खाली उठावात 'इंग्लंड' आणि 'आरडी नंबर' अशी इंग्रजी अक्षरं, पुढे आकडा: ३५८ हजारांच्या घरातला. ब्रिटनमध्ये नक्षीची नोंदणी १८८४ पासून एकापासून सलग आकड्यांनी सुरू झाली. १९०० ची सुरुवात ३,५१,२०२ ने झाली आणि १९०१ ची ३,६८,१५४ ने. म्हणजे ही नक्षी १९०० सालात नोंदली गेली. त्याआधीची ही टाइल असणं शक्य नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण चाललेली नक्षी कारखाने पुढे काही वर्षं काढत राहत.

काकू म्हणाल्या, "पण वाडा तर आमच्या खापरपणजोबांनी बांधलाय, त्याहून जुना आहे!" असेलही. मग जमीन नंतर बदलली असणार. कोपऱ्यातल्या दोन टाइल्सनीही तेच सुचवलं. त्यांच्यावर उठावाचं कमळ होतं. उंच कडांवर लेप फिका, खोलगट भागात साचून गडद. ही रेघ छापलेलीही नाही आणि काढलेलीही नाही, ती साच्यातून आलेली. पाठीवर 'जपान'. जपानी कारखान्यांच्या अशा टाइल्स १९२० आणि १९३० च्या दशकांत मोठ्या संख्येने भारतात येत. म्हणजे कधीतरी दोन टाइल्स फुटल्या आणि बाजारात मिळतील त्या बसवल्या गेल्या.

व्यापाऱ्याने त्या दोन बाजूला काढून वीसच मागितल्या. काकूंनी बावीसही ठेवून घेतल्या.