धिरडं फाटलं की तुटलं?

ताटात पडलेले बेसनाच्या धिरड्याचे तुकडे सगळे सारखेच दिसतात. हिंदीत त्याला चिला म्हणतात, कुणी पोळा म्हणतं, हॉटेलवाले टोमॅटो ऑम्लेट म्हणतात, आपल्याकडे घरात धिरडंच. नाव काहीही असो, तुकडे पडले की बाई एकच वाक्य म्हणते, ‘मोडलं गं.’ आणि इथंच चूक होते. धिरडं दोन वेगळ्या कारणांनी मोडतं आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बाधतो. मी माझ्यापुरते त्याला दोन शब्द ठेवलेत. तव्यानं धरून ठेवलं आणि आपण ओढलं, तर ते ‘फाटतं’. तव्यानं सुखासुखी सोडलं, पण उलथन्यावर किंवा घडी घालताना तुकडे झाले, तर ते ‘तुटतं’. फाटण्याचा दोष तव्याचा, तुटण्याचा दोष बहुतेक वेळा पिठाचा.

कुठला दोष आहे हे कळायला धिरड्याकडे बघायचं नाही, तव्याकडे बघायचं. धिरडं काढल्यावर तव्यावर पिवळा पापुद्रा चिकटून राहिला असेल आणि तो उलथन्यानं खरवडावा लागत असेल, तर ते फाटलं. तवा स्वच्छ आहे, फार तर कडेला दोन-चार करपलेले ठिपके आहेत आणि तरी धिरड्याचे तीन भाग झालेत, तर ते तुटलं. ही परीक्षा एका नजरेची आहे, पण गडबडीत कुणी करत नाही. सकाळी डबे भरायचे असतात, पहिलं धिरडं मोडलं की हात आपोआप बेसनाच्या डब्याकडे जातो.

मागच्या पावसाळ्यात धाकट्या जावेकडे लातूरला गेले होते. ती सकाळी ओट्यापाशी उभी, कपाळावर आठ्या.

‘अक्का, बघा की, तिसरं बी तुटायलंय. पीठ पातळ झालंय वाटतं.’

‘किती पाणी घातलंस?’

‘दोन वाट्या पिठाला दीड वाटी. मग तुटायलंय म्हणून आणखी अर्धी वाटी बेसन टाकलं.’

दोन वाट्यांना दीड वाटी हे प्रमाण सुरुवातीला अगदी बरोबर आहे. मीही तेवढ्यावरच सुरू करते आणि लागलं तर चमचा-चमचा वाढवते. तवा बघितला तर मध्यभागी भाकरीएवढा गोल, मातकट पिवळा थर चिकटलेला, कडा मात्र स्वच्छ. म्हणजे धिरडं तुटत नव्हतं, फाटत होतं. पिठात बेसन वाढवून काहीच होणार नव्हतं.

तो तवा भाकरीचा होता. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला तेल लागत नाही. तवा कोरडाच तापतो, भाकरीच्या पाठीचं पीठ त्यावर जळून त्याची बारीक राख बसते. लोखंडावर तेलाचा जो काळसर, गुळगुळीत थर बसायला हवा, तो अशा तव्यावर टिकत नाही, मधोमध तर नाहीच. भाकरीला त्यानं काही बिघडत नाही, कारण भाकरीचं पीठ घट्ट असतं. धिरड्याचं ओलं पीठ मात्र त्या खरखरीत जागेत शिरतं, तिथंच शिजतं आणि धरून बसतं. जुन्या बायका भाकरीचा तवा निराळा आणि धिरड्याचा निराळा ठेवायच्या. मला लहानपणी ती नुसती शिस्त वाटायची.

आम्ही तवा उतरवून गार होऊ दिला, जाड मीठ टाकून फडक्यानं घासला, धुऊन आचेवर कोरडा केला. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि सगळीकडून फिरवला. किंचित धूर निघेपर्यंत तापवला, आच कमी केली, परत कांदा फिरवला. असं तीन वेळा केलं, दहा मिनिटं गेली. थर पक्का व्हायला आठवडाभर रोज असंच करावं लागतं, पण त्या सकाळपुरतं एवढं पुरलं. चौथं धिरडं तव्यावरून कागदासारखं सुटलं. जाऊ खूश. मग तिनं चटणी लावून घडी घातली आणि घडीवरच त्याला चीर गेली. तवा स्वच्छ, धिरडं दोन तुकडे. आता खऱ्या अर्थानं तुटलं होतं आणि ते तिनं वाढवलेल्या अर्ध्या वाटी बेसनामुळे.

गव्हाच्या कणकेत जो ताण असतो तो बेसनात नाही. पोळी ओढली तर आधी ताणली जाते, मग तुटते. धिरडं ताणलं जातच नाही. त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, प्रथिनं उष्णतेनं आवळतात आणि या दोघांच्या जोरावर तो पातळ पडदा उभा राहतो. पाणी कमी पडलं तर पिठाचे कण पुरते भिजतच नाहीत. धिरडं जाड, कोरडं होतं आणि वाकवलं की भेगाळतं. पाणी जास्त झालं तर दुसरंच होतं. पीठ लांबवर पसरतं, वाफेनं मोठाली भोकं पडतात, धिरडं ओल्या कागदासारखं लिबलिबीत राहतं आणि उलथन्यावरून लोंबून खाली पडतं. दोन्ही वेळा तवा स्वच्छच असतो. म्हणून तुटलं असं ठरलं की तुटलेली कड बोटात धरायची. कड भुसभुशीत लागली तर पाणी कमी, ओली आणि मऊ लागली तर पाणी जास्त.

आम्ही चार मोठे चमचे पाणी घातलं, फेटलं आणि पीठ झाकून ठेवलं. वाढवलेल्या अर्ध्या वाटी बेसनाला साधारण तेवढंच पाणी लागतं. पंधरा मिनिटांनी डाव पिठात बुडवून काढला आणि त्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंचं पीठ हळूहळू खाली ओघळलं. पीठ असं हवं. रेघ लगेच मिटली तर पातळ आहे, पीठ डावाला लोंद्यासारखं चिकटून राहिलं तर घट्ट.

थांबायची ही पंधरा मिनिटं कुणाला आवडत नाहीत. पण गिरणीतून दळून आणलेल्या हरभरा डाळीच्या पिठाला ती लागतातच, अर्धा तास दिला तर आणखी बरं. पाकिटातलं बेसन बारीक असतं, लवकर भिजतं. घरचं दळण थोडं रवाळ येतं, पाणी सावकाश पितं. लगेच घातलं तर पीठ पातळ वाटतं आणि अर्ध्या तासानं तेच घट्ट झालेलं असतं. कांदा-टोमॅटोचं उलटं आहे. मीठ लागलं की ते पाणी सोडतात आणि पीठ सैल होतं, म्हणून ते पीठ भिजल्यावर, तवा ठेवायच्या वेळी घालावेत आणि अगदी बारीक चिरून. कांद्याची जाड फोड ही धिरड्यातली पहिली चीर असते. आणखी एक, बेसन तळाशी बसतं. दरवेळी ढवळलं नाही तर पहिली दोन धिरडी पातळ आणि तुटकी, शेवटची जाड आणि भेगाळलेली, सगळी एकाच पातेल्यातली. मग बाई म्हणते, आज हातच बसेना.

आता आच. इथंही एकसारखं दिसणारं संकट दोन बाजूंनी येतं. तवा कमी तापला असेल तर पीठ नीट पसरतं, पण बसत नाही. ते तव्याच्या बारीक खळग्यांत मुरतं आणि मग फाटतं. तवा फार तापला असेल तर पीठ पडल्या जागीच आवळतं, डाव फिरवायला गेलं की त्याबरोबर गोळा होऊन येतं आणि मधे तवा दिसायला लागतो. त्या पातळ जागी धिरडं नंतर तुटतं. पाण्याचे थेंब शिंपडून बघावं. थेंब नुसते बसून हळूहळू आटले तर तवा गार आहे. चर्र करून लगेच उडाले तर पीठ घालायला हरकत नाही. थेंब मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर पळायला लागले तर तवा फार तापलाय. तेव्हा आच कमी करावी, थोडं पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसावं आणि मगच पीठ घालावं.

तेलाचं प्रमाणही इथंच चुकतं. पीठ घालण्याआधी तव्यावर तेलाचं डबकं झालं तर पीठ घसरतं, त्याची पकड बसत नाही. कांद्यानं पुसलेलं तेल पुरे. चमचाभर तेल सोडायचं ते धिरडं पसरून झाल्यावर, कडेनं.

पसरवताना आमच्या घरी वाटीचा गोल तळ वापरतात, मला डावाची पाठ बरी वाटते. एक डाव म्हणजे साधारण साठ मिलिलिटर पीठ, मधोमध ओतायचं आणि हात न उचलता, न दाबता, बाहेर बाहेर जात गोल फिरवायचं. वीतभर रुंद झालं की जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास येते. त्याहून पातळ केलं तर धिरडं कुरकुरीत होतं, पण डब्यात घडी घालायच्या कामाचं राहत नाही. परत मध्यभागी डाव नेण्याचा मोह टाळावा, कारण तिथलं पीठ तेवढ्यात बसलेलं असतं आणि तुम्ही ते खरवडून काढता. भोक राहिलंच तर चमच्यानं थेंबभर पीठ टाकावं, पसरवू नये.

उलटायची घाई करू नये. वरची ओली चकाकी जाऊन रंग मंद झाला, कडा आपण होऊन वर आल्या की उलथनं कडेनं आत सारत मधोमध न्यावं. मध्यम आचेवर याला दीड-दोन मिनिटं लागतात, दुसऱ्या बाजूला मिनिटभर. ढकलल्यावर अडलं तर ओढू नये, आणखी अर्धा मिनिट ठेवावं. तवा बरा असेल तर शिजलेलं बेसन स्वतःच सुटतं.

नॉनस्टिकवर फाटण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच, तिथं तुटण्याचाच. त्याच्या गुळगुळीत पाठीवर पीठ पकड घेत नाही, म्हणून पीठ मंद आचेवर पसरवावं आणि पसरून झाल्यावर आच वाढवावी. लोखंडी तव्याची सवय असलेली बाई तो आधी भरपूर तापवते आणि सगळं पीठ डावाबरोबर फिरायला लागतं.

काही जणी चमचाभर कणीक घालतात. त्यानं धिरडं तुटत नाही हे खरं, पण चिवट होतं आणि गार झाल्यावर चामट लागतं. मला ते आवडत नाही. तांदळाच्या पिठानं कुरकुरीतपणा येतो, पण घडीवर मोडण्याची भीती वाढते.

त्या दिवशी जावेच्या पातेल्यात शेवटी दीड डाव पीठ उरलं आणि मुलांची रिक्षा दारात येऊन थांबली होती. तिनं त्यात वाटीभर पाणी ओतलं, लसूण-मोहरीची फोडणी केली आणि दुपारच्या भाकरीला पिठलं करून टाकलं.