आरबीआय डॉलर विकते म्हणजे नेमकं काय करते: 1991 पासूनची पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्ट युनिटमध्ये मी 2005 पासून अकाउंट्स बघतो. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी डॉलरचा रेट बघतात, आणि रुपया हलला की कुणी ना कुणी विचारतंच, "काय ओ, आरबीआय काय करायलीय?" बातमीत तर एकच ओळ असते, आरबीआयने हस्तक्षेप केला. या ओळीमागे बराच इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर ती ओळ वाचून काहीच हाताला लागत नाही.

आधी 1991. तेव्हा रुपयाचा भाव बाजारात ठरत नव्हता, आरबीआयच ठरवायची आणि तो टिकवायला लागणारे डॉलर तिच्याकडेच उरले नव्हते, परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम 2-3 आठवड्यांच्या आयातीपुरती. जुलै 1991 मध्ये सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून 40.5 कोटी डॉलर उभे केले, आणि त्याच महिन्यात 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला, डॉलर साधारण 21 वरून 26 च्या जवळ गेला. मार्च 1993 पासून भाव बाजारावर सोडला. तेव्हापासून आरबीआय सांगत आलीय की आम्ही अमुक एक भाव धरून बसत नाही, फक्त झटके कमी करतो. पण 1991 ची भीती काही गेली नाही, आणि पुढे डॉलर साठवत राहण्याची जी सवय दिसते तिचं मूळ माझ्या मते तिथंच आहे.

आता हे साठवणं कसं होतं ते नीट बघा. आरबीआयने बँकांकडून 1 अब्ज डॉलर 40 च्या भावाने घेतले तर बँकांच्या खात्यात 4,000 कोटी रुपये नव्याने जमा होतात, कुठून काढून दिलेले नसतात, नवेच तयार होतात. बाजारातून डॉलर कमी झाले, रुपये वाढले, म्हणून रुपया चढायचा थांबतो. पण ते 4,000 कोटी सिस्टिममध्ये फिरत राहिले तर महागाई वाढते, म्हणून दुसऱ्या हाताने ते परत शोषून घ्यावे लागतात. 2004 पर्यंत आरबीआय त्यासाठी स्वतःकडचे सरकारी बाँड विकायची, पण डॉलर इतके यायला लागले की ते बाँडच संपत आले. मग एप्रिल 2004 मध्ये एमएसएस, म्हणजे बाजार स्थिरीकरण योजना आली. सरकारने खास बाँड काढायचे, बँकांनी घ्यायचे, आणि आलेला पैसा सरकारने खर्च न करता आरबीआयकडे वेगळ्या खात्यात नुसता ठेवायचा. त्याचं व्याज मात्र सरकारच्या बजेटमधून जाणार.

2007 मध्ये ही योजना कमी पडली, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर 44 च्या आसपास होता, परदेशी पैसा धो धो येत होता, महागाईही वाढलेली. मार्च-एप्रिलच्या सुमारास आरबीआयने डॉलर खरेदीत हात आखडता घेतला आणि काही आठवड्यांत डॉलर 41 च्या खाली. आमचा एक कंटेनर समजा 40,000 डॉलरचा, 44 ने त्याचे 17 लाख 60 हजार व्हायचे, वर्ष संपताना साडेएकोणचाळीसने 15 लाख 80 हजार. 1 लाख 80 हजार गेले, आणि सूत, रंग, मजुरी सगळं रुपयात, त्यात एक पैसा कमी नाही. आमचं एकूण मार्जिनच तेवढं नव्हतं, ऑर्डर आधीच्या भावाने घेतलेल्या, पुढच्या तारखेचा भाव आधीच बांधून ठेवणारं फॉरवर्ड कव्हर घेतलेलं नाही. नंतर आरबीआय परत जोरात खरेदीला उतरली, 2007-08 या वर्षात निव्वळ 78 अब्ज डॉलर घेतले आणि एमएसएसची मर्यादा अडीच लाख कोटींपर्यंत न्यावी लागली. एवढं करूनही रुपया जुन्या भावाला गेला नाही. रुपया कमजोर ठेवायला नोटांची अडचण कधीच नसते, त्या आरबीआयच्याच हातात आहेत, अडतं ते महागाईपाशी आणि त्या बाँडांच्या व्याजापाशी, कारण इथं बाँडवर जे व्याज द्यावं लागतं त्यापेक्षा अमेरिकेत ठेवलेल्या डॉलरवर कमी मिळतं.

उलटी बाजू 2013 ची. 22 मे ला अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडकडून बाँड खरेदी कमी करण्याची भाषा आली आणि पैसा परत जायला लागला. डॉलर 55 वरून 28 ऑगस्टला 68 च्या वर. गंगाजळी 275 अब्जांच्या आसपास होती, म्हणजे 1991 सारखी गत अजिबात नव्हती, तरी आरबीआयने ती सरळ ओतली नाही. कारण रुपया वाचवताना हिशोब उलटा चालतो, 60 ने 1 अब्ज डॉलर विकले की बँकांमधून 6,000 कोटी रुपये निघून जातात, पैसा आटतो, व्याज चढतं. आणि दर आठवड्याला गंगाजळीचा आकडा घसरताना दिसला की पळणारे आणखी जोरात पळतात, हा दुसरा धोका.

म्हणून आधी 15 जुलैला बँकांना आरबीआयकडून मिळणारं तातडीचं कर्ज 10.25 टक्क्यांवर नेलं, म्हणजे रुपया उसना घेऊन डॉलर धरून बसणं महाग पडावं. त्याची झळ आम्हालाही लागली, सीसी लिमिटवरचं, म्हणजे धंदा चालवायला बँकेकडून उचललेल्या कर्जावरचं व्याज वाढलं. रुपया मात्र घसरतच राहिला. मग 28 ऑगस्टला सरकारी तेल कंपन्यांसाठी वेगळी खिडकी उघडली. या कंपन्या रोज 40-50 कोटी डॉलर बाजारातून उचलायच्या, तेच आता आरबीआय थेट देणार आणि कंपन्या नंतर परत करणार, म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक काही दिवस बाजूला काढला. माझ्या मते खरा टर्न इथं आला.

सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि एफसीएनआर स्वॅप आला. परदेशातल्या भारतीयांनी निदान 3 वर्षांसाठी डॉलरमध्ये ठेव ठेवायची, बँकेने ते डॉलर आरबीआयला देऊन रुपये घ्यायचे, आणि 3 वर्षांनी तेच डॉलर परत मिळणार, खर्च वर्षाला फक्त साडेतीन टक्के. बाजारात हेच कव्हर बरंच महाग होतं, त्यामुळे मधला फरक आणि रुपया पडण्याची जोखीम आरबीआयने अंगावर घेतली. नोव्हेंबरअखेरपर्यंत या आणि बँकांच्या परदेशी कर्जाच्या खिडकीतून मिळून 34 अब्ज डॉलर आले, त्यात 26 अब्ज नुसते ठेवींचे. हे उसनेच होते, 2016 च्या शेवटी परत करायचे होते आणि केलेही, पण मधल्या काळात तेल स्वस्त झालं होतं, चालू खात्यातली तूट, म्हणजे आयात वगैरेसाठी बाहेर जाणारे डॉलर आणि निर्यात वगैरेतून येणारे डॉलर यातली तफावत, कमी झाली होती. ते झालं नसतं तर 2016 जड गेलं असतं.

म्हणून शुक्रवारी गंगाजळीचा आकडा येतो तेव्हा तो एकटा वाचू नका. त्यात सोनं, युरो वगैरे असतात, त्यांचा भाव हलला तरी आकडा हलतो, म्हणजे 3 अब्जांनी घटला याचा अर्थ 3 अब्ज विकले असा नाही. खरी खरेदी-विक्री आरबीआयच्या मासिक बुलेटिनमध्ये उशिरा येते, आणि तिथंच फॉरवर्डचा आकडाही असतो, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायचे कबूल केलेले डॉलर. सप्टेंबर 2024 मध्ये गंगाजळी 704 अब्जांवर होती, नंतर रुपया सावरायला आरबीआयने फॉरवर्डमध्येही भरपूर विकले, फेब्रुवारी 2025 अखेर ही देणी 88 अब्जांच्या वर गेली होती. शुक्रवारच्या आकड्यातून ती वजा केलेली नसतात, आम्ही वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो आणि मगच पुढच्या तीन महिन्यांचं कव्हर किती घ्यायचं ते ठरवतो.