पोकळ स्फोटभार आणि रणगाड्याचे चिलखत

रणगाडाविरोधी अस्त्रांमध्ये, स्फोटकाच्या पुढच्या तोंडाला शंकूच्या आकाराची पोकळी ठेवून तिला पातळ धातूचे अस्तर लावण्याची योजना. रायफलीवरून डागावयाच्या ग्रेनेडपासून मार्गदर्शित क्षेपणास्त्रापर्यंतच्या बहुतेक पायदळी अस्त्रांचा गाभा हाच आहे. तो येण्यापूर्वी पहिल्या महायुद्धात जर्मनांनी १३ मिमी. व्यासाची जड रायफल वापरली आणि तोफगोळे जमिनीत पुरून सुरुंग केले. सुरुंग पुढेही टिकले. मात्र ते मुख्यतः पट्टे तोडून रणगाडा जागीच अडवतात.

कोकणात कातळात विहीर पाडताना आधी भोक पाडून त्यात दारू ठासावी लागते, कारण खडकावर नुसत्या ठेवलेल्या दारूचा जोर बराचसा हवेत जातो. पोलादाला असे भोक आधी पाडता येत नाही. पोकळ स्फोटभारात ते स्फोटच पाडतो.

या शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. स्फोटकातील पोकळीचा परिणाम जर्मनीत फोन फर्स्टर यांनी १८८३ च्या सुमारास व अमेरिकेत चार्ल्स मन्‍रो यांनी १८८८ च्या सुमारास नोंदवला. मन्‍रो यांना स्फोटकाच्या ठोकळ्यावर कोरलेली अक्षरे खालच्या पोलादी पत्र्यावर उमटलेली आढळली, म्हणून इंग्रजी ग्रंथांत हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तथापि या दोघांच्या पोकळ्यांना धातूचे अस्तर नव्हते आणि चिलखत भेदण्याची खरी शक्ती अस्तरामुळेच येते. अस्तराचे श्रेय ऑस्ट्रियन फ्रान्झ थोमानेक व स्विस हेन्री मोहाऊप्ट या दोघांनाही दिले जाते. दोघांचे काम १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातले असल्याने प्रत्येकाला ते स्वतंत्रपणे साधले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्फोटाची लाट शंकूच्या टोकाकडून तोंडाकडे सरकते तसा तांब्याचा पत्रा मध्यरेषेवर चिरडला जातो आणि त्यातून धातूची बारीक धार पुढे फेकली जाते. तिच्या अग्राचा वेग सेकंदाला सुमारे ८ ते ९ किमी. असतो, तर शेपटाचा त्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यामुळे धार ताणली जाऊन लांब होते. ही धार पोलाद वितळवून आत जाते हा समज चुकीचा आहे. तिचा दाब इतका प्रचंड असतो की पोलादाचे काठिण्य त्यापुढे नगण्य ठरते आणि बागेतील नळीची धार ओल्या मातीत शिरावी तसे दोन्ही धातू वाहू लागतात. भेदनाची खोली मुख्यतः धारेच्या लांबीवर आणि दोन्ही धातूंच्या घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. तांब्याची घनता ८.९ व पोलादाची ७.८ धरली, तर हे वर्गमूळ सुमारे १.०७ येते, म्हणजे खोली जवळजवळ धारेच्या लांबीइतकी भरते. धार ताणली जाण्यास शंकूच्या व्यासाच्या काही पट मोकळे अंतर लागते. ते फार वाढले तर धारेचे तुकडे पडून ते भरकटतात.

अस्त्र येऊन आदळते त्या वेगाशी या भेदनाचा फारसा संबंध नाही, आणि पायदळाला उपयोगी पडलेली बाब नेमकी हीच. १९४० मधील ब्रिटिश क्रमांक ६८ ग्रेनेड रायफलीवरून मंद गतीने जाई, तरी सुमारे ५० मिमी. चिलखत भेदी. व्यास वाढवला की खोली वाढते, पण रायफलीला अवजड ग्रेनेड पेलवत नाही. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेने ६० मिमी. व्यासाचे बाझूका रॉकेट आणले.

पल्ला वाढल्यावर अचूकतेचा प्रश्न क्षेपणास्त्राने सोडवला. सोव्हिएत माल्युत्काचा व्यास १२५ मिमी. असून ते ४०० मिमी.हून अधिक पोलाद भेदते. मागे उलगडणाऱ्या तारेतून संदेश पाठवून सैनिक ते दांडीने वळवतो. ३ किमी. अंतर कापण्यास त्याला सुमारे २५ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ नजर व हात स्थिर ठेवावे लागतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये सिनाईत पायदळाविना पुढे गेलेल्या इस्रायली रणगाड्यांची या अस्त्राने मोठी हानी केली. पुढे इस्रायली तुकड्यांनी क्षेपणास्त्र सुटल्याची खूण दिसताच चालकाच्या संभाव्य जागेवर मारा सुरू केला, कारण तो विचलित झाला की नेम चुके.

चिलखताचे उत्तर दोन वाटांनी आले. पहिली वाट सिरॅमिक व पोलाद यांच्या मिश्र थरांची. दुसरी, जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड हेल्ड यांच्या कामातून निघालेली व इस्रायलने १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात वापरलेली, प्रतिक्रियाशील चिलखताची. या पेट्यांत दोन पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर असतो. धार लागताच पत्रे एकमेकांपासून विरुद्ध दिशांना उडतात आणि, पेटी तिरकी असल्याने, धारेच्या मार्गात सतत नवा धातू आडवा आणून तिचे तुकडे पाडतात. धार काटकोनात आली तर पत्रे तिच्याच रेषेत सरकतात व परिणाम बराच घटतो. शिवाय पेटी एकदाच उपयोगी पडते आणि तिच्या स्फोटाने जवळच्या पायदळाला इजा होऊ शकते. यावर पुढे एकामागे एक दोन स्फोटभार बसवलेली क्षेपणास्त्रे आली. पहिला लहान भार पेटी उडवतो आणि पत्रे बाजूला होताच मुख्य भार पेटतो. या दोन स्फोटांतील विलंब फार कमी पडला तर मुख्य धार उडत्या पत्र्यांतच सापडते.