हेडफोनवर घुमला, डॉल्बीवर हरवला

निपाणीजवळच्या एका गावातल्या पोराने गणपतीच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक तयार केला. हेडफोनवर बेस छाती भरून येत होता. मिरवणुकीत डॉल्बीवर लावला (आपल्याकडे कुठल्याही मोठ्या साउंडला डॉल्बीच म्हणतात) तर ताशा कडाडतोय आणि खाली सगळं पोकळ. "दादा, बेस गेला कुठं ओ?" म्हणत तो पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला.

बेस 'रुंद' वाटावा म्हणून त्याने उजवीकडचा बेस १० मिलिसेकंद उशिरा सोडला होता. त्याचा मुख्य स्वर ५० हर्ट्झचा, म्हणजे एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद. १० मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी लाट. डावीकडे लाट वर असते तेव्हा उजवीकडे खाली. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून कळत नाही. पण सबवूफरला बहुधा डावं-उजवं एकत्र करूनच सिग्नल देतात. तिथे बेरीज शून्य.

पुढची गंमत मला फार आवडते. एका स्पीकरच्या फोनला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही. तरी आपल्याला तो स्वर ऐकू येतो, कारण १००, १५०, २००, २५० हे त्याच्या पटीतले वरचे अंश ऐकून मेंदू मूळ स्वर ताडतो. या उशिरामुळे बेरजेत १५० आणि २५० सुद्धा मरतात, सगळे विषम पटीचे अंश मरतात. उरतात १००, २००, ३००. ही तर १०० हर्ट्झच्या स्वराची रांग झाली! म्हणून फोनवर त्याचा बेस एक सप्तक वर चढून वाजत होता.

"मग १२० हर्ट्झच्या खाली मोनो करतो," पोरगा म्हणाला. इथेच बहुतेक जण फसतात. मोनो करणं म्हणजे तीच बेरीज. आधीच एकमेकांना खाणाऱ्या लाटा मिसळल्या तर खड्डा कायमचा होतो, मग हेडफोनवरही बेस जातो. त्यासाठी महागडी केबल किंवा जास्त वूफर घ्यायला सांगणाऱ्यांचं ऐकू नये. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

आम्ही आधी उशीर काढला. बेसच्या ट्रॅकचे ३०० हर्ट्झवर दोन भाग केले: खालचा भाग दोन्हीकडे एकसारखा, उशीर फक्त वरच्या भागाला. ३०० अशासाठी, की १५० आणि २५० वाचावेत. ताशासकट सगळ्या मिश्रणाला मात्र ३०० लावलं असतं तर ढोलाचा पसारा आवळला असता. तिथे १२० च्या खालीच मोनो केलं. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, कानाला तिची दिशा फारशी कळतच नाही, त्यामुळे तिथे रुंदी गेल्याचं कुणाला जाणवत नाही.

शेवटी मोनोचं बटण दाबून पाहिलं. आधी डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणाऱ्या कोरिलेशन मीटरचा काटा बेस येताच उणे एककडे पडायचा, आता अधिकच्या बाजूला टिकला, आणि बटण दाबलं तरी बेस तसाच.